तिसऱ्या हप्त्याचं शुद्धिपत्र

तिला सगळे जावकबाई म्हणत. एका मोठ्या कचेरीत एकतीस वर्षं ती जावक विभागात होती. साहेब लोक खरडत, टंकलेखक बडवत, पण जावकबाईच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही पत्र दाराबाहेर पडत नसे. ‘कळावे’ राहिलंय, तारीख चुकलीय, सोबत जोडलेला कागद जोडलेलाच नाही, असं म्हणत तिने भल्याभल्यांची पत्रं परत धाडली होती. एकदा थेट मोठ्या साहेबांचंच पत्र परत गेलं. त्यात ‘तातडीने’ हा शब्द चार ओळींत तीनदा आला होता. ‘साहेब, एकदाच लिहा, म्हणजे खरं वाटेल,’ असं ती त्यांना तोंडावर म्हणाली होती. ती निवृत्त झाली तेव्हा कचेरीने हुश्श केलं, आणि महिनाभराने चुका मोजायला माणूस मिळेना म्हणून हळहळही केली.

नवराही तिला याच नावाने हाक मारायचा. “जावकबाई, एक कप चहा इकडे जावक करा.” ती चहा द्यायची आणि पोच म्हणून एक टोमणा घ्यायची. असा संसार चाळीस वर्षं मजेत चालला, आणि एके सकाळी तो न्हाणीघरात पाय घसरून पडला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. डॉक्टर म्हणाले, “घरी जा, पण त्या न्हाणीघरात जाऊ नका. तिथे पाणी साचता कामा नये आणि भिंतीला धरायला दांडे हवेत.”

म्हणून नवऱ्याची रवानगी लेकीच्या घरी झाली आणि इकडे न्हाणीघर फोडायला घेतलं. लेक गुणाची, जावई तिच्याहून गुणाचा. रोज सकाळी जावई सासऱ्यांना हाताला धरून आंघोळीला नेई, दार उघडं ठेवी आणि तोंड फिरवून उभा राही. नवरा तक्रार करत नव्हता. पण फोनवर त्याचा आवाज दिवसेंदिवस लहान होत चालला होता. “जावयासमोर उघडं बसायचं वय नाही गं माझं,” असं तो एकदाच म्हणाला. ते ऐकून जावकबाईचं काळीज हललं. त्याला घरी आणायचं, आणि स्वतःच्या न्हाणीघरात स्वतःच्या हाताने आंघोळ करू द्यायची, एवढं एकच काम तिने मग डोक्यात धरलं. बाकीचं जग खड्ड्यात गेलं तरी चालणार होतं.

करार तिने स्वतः लिहिला होता. चार हप्ते. पहिला काम सुरू करताना, दुसरा नळजोडणी आणि गिलावा झाल्यावर, चौथा ताबा देताना. तिसऱ्या हप्त्यापुढे तिने नीट घोटून लिहिलं होतं: ‘पाणीरोधक थराची चाचणी दाखवून फरशी पूर्ण झाल्यावर, आणि टाकलेले पाणी जाळीतून पूर्ण वाहून जात असल्याची खात्री झाल्यावर.’ कंत्राटदाराने सही करताना ते वाचलं असेल असं वाटत नाही. कंत्राटदार लोक आकडे वाचतात. मधले शब्द त्यांना भिंतीतल्या विटांसारखे, असायचेच म्हणून असतात.

फरशी लागली आणि कंत्राटदार हसतमुखाने हप्ता मागायला आला. धिप्पाड माणूस, कानाला कायम फोन, पण वागायला तसा वाईट नाही. त्याने न्हाणीघराच्या दारात उभं राहून हात फिरवला. “बघा मॅडम. आरसा केलाय आरसा.”

जावकबाई बादली भरून घेऊन आली आणि तिने ती फरशीवर उपडी केली. पाणी इकडेतिकडे धावलं, विचारात पडलं आणि खोलीच्या मधोमध जेवणाच्या ताटाएवढं डबकं करून बसलं. जाळी होती उजव्या कोपऱ्यात, आणि ती कोरडी ठाक. नवऱ्याचं स्टूल जिथे ठेवायचं, नेमकं तिथेच ते डबकं.

“होतं थोडंफार,” कंत्राटदार म्हणाला. “वापरात आलं की जातं.”

“वापरून पाण्याला उतार शिकवणार आहात का?”

मग तिने पर्समधून एक नाणं काढलं, पदर खोचला आणि फरश्यांवर टकटक करत ती खोलीभर बसत-उठत फिरली. भरीव फरशी टणटणीत बोलते, खाली पोकळी असेल तर बद्द आवाज येतो. अकरा फरश्या बद्द बोलल्या. प्रत्येकीवर तिने पेन्सिलीने फुली मारली. फुल्या वाढत गेल्या तसं कंत्राटदाराचं हसू आटत गेलं.

“आणि पाणीरोधक थराची चाचणी?”

“केली ना.”

“कधी? मला दाखवायची होती.”

तो फोनकडे बघायला लागला. तिथेच घोडं पेंड खात होतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. उंटावरून शेळ्या हाकण्यात लेक बापावर गेली होती. “आई, एक दमडी देऊ नकोस. सरळ सांग, तुमचा आमचा संबंध संपला. दुसरा माणूस बघू.” मागून बापाचा आवाज आला, “देऊन टाक गं पैसे! हा पळाला तर दुसरा कधी मिळणार? मी काय इथेच मुक्काम ठोकू?”

जावकबाई दोघांनाही म्हणाली, “तुम्ही दोघं चहा प्या. पत्र मी लिहिते.”

आणि तिने लिहिलं. टेबलाशी बसून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, साहेबांच्या पत्रांना लावायची तीच फूटपट्टी स्वतःला लावून लिहिलं. लेकीने सुचवलेलं ‘रक्कम देणार नाही’ तिने लिहिलंच नाही. ‘देणार नाही’ लिहिलं की भांडण सुरू होतं, आणि तिला भांडण नको होतं, न्हाणीघर हवं होतं. तिने लिहिलं, ‘तिसऱ्या हप्त्याची रक्कम तूर्त रोखून ठेवत आहे.’ त्या ‘तूर्त’वर तिचा फार जीव होता. त्या एका शब्दात दार बंद होतं, पण कडी लागत नव्हती.

पुढे कराराचं कलम, तपासणीची तारीख आणि मग दोष, एकेक करून:

‘१. नकाशात मध्यभागी दाखवलेली जाळी माझ्या परवानगीशिवाय कोपऱ्यात हलवली आहे.
२. फरशीचा उतार जाळीकडे नसल्याने पाणी मध्यभागी साचते.
३. फुली केलेल्या अकरा फरश्या पोकळ आहेत.
४. पाणीरोधक थराची चाचणी मला दाखवलेली नाही.’

त्याखाली, दुरुस्ती पंधरा दिवसांत स्वतःच्या खर्चाने करावी, भिंतीच्या फरश्या आणि दांडे यांबद्दल तक्रार नाही, ते काम चांगलं झालं आहे. आणि शेवटी: ‘दुरुस्ती व चाचणी समाधानकारक झाल्यापासून तीन दिवसांत रोखलेली संपूर्ण रक्कम कोणतीही कपात न करता देण्यात येईल.’

दोन प्रती काढून ती सकाळी कंत्राटदाराच्या गाळ्यावर गेली. भिंतीला फरश्यांचे नमुने, टेबलावर बिलांचा ढीग, पंख्याची घरघर. तिने एक प्रत पुढे ठेवली, दुसरीवर बोट ठेवलं. “इथे सही आणि तारीख. पोच.”

त्याने वाचायला घेतलं तसे त्याचे कान लाल होत गेले. “रोखून ठेवता? मॅडम, माझी माणसं आहेत, सिमेंटवाला आहे…” मग तो शेवटच्या ओळीवर आला, थांबला, आणि तीच ओळ पुन्हा वाचली. “कपात न करता?”

“कपात न करता.”

“शब्द देताय?”

“शब्द नाही. पत्र देतेय. शब्द फिरतो, पत्राची माझ्याकडे स्थळप्रत असते.”

त्याने सही केली. मग पहिल्या मुद्द्यावर बोट आपटत तो म्हणाला, “ही जाळी! मला पत्ताच नाही. मिस्त्रीने परस्पर हलवली. त्याला आजच काढतो कामावरून. परवानगीशिवाय म्हणजे काय!”

जावकबाई उन्हातून घरी आली ती जवळजवळ गाणं म्हणत. पत्र लागू पडलं होतं. एकतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं तपासली, आज स्वतःचं लिहिलं आणि पहिल्याच घावात काम झालं, म्हणून तिने स्वतःलाच एक कप चहा जावक केला.

दुसऱ्या दिवशी दाराची बेल वाजली. दारात फरशी लावणारा मिस्त्री. वाळका, पन्नाशीचा, गुडघ्यांना रबरी टोप्या बांधून दिवसभर रांगणारा आणि दिवसभरात दहा वाक्यं न बोलणारा माणूस. “हत्यारं न्यायला आलोय, ताई.”

त्याने रबरी हातोडा, करणी, पाणसळ गोळा केली. तिला वाटलं, काही बोलणार नाही. पण दाराशी जाऊन तो वळला. “पोकळ फरश्या माझ्या. कबूल. शेवटच्या दिवशी घाई झाली, मसाला पुरा पसरला नाही. पण जाळी तुम्हीच सांगितलीत.”

“मी?”

“तुम्ही. स्टूल घेऊन आलात, आत ठेवून बघितलंत. म्हणालात, ‘जाळी कोपऱ्यात घेतली तर बरं.’ तोवर उताराचा थर टाकून झाला होता. पाइप वाढवून मी जाळी नेली कोपऱ्यात. थर परत उकरायला दोन दिवस गेले असते, मालक ओरडले असते. तो नाही उकरला.”

जावकबाईने नाही म्हणायला तोंड उघडलं. आणि तिला आठवलं. लख्ख आठवलं. स्टुलाचा पाय जाळीच्या भोकात अडकेल, असं मनात आलं होतं आणि ती स्वतःशीच बोलावं तसं बोलली होती. उचलली जीभ लावली टाळ्याला. मग फोन वाजला, ती बाहेर गेली, आणि विसरलीही.

“अहो, पण ते मी नुसतं म्हटलं! ‘बरं’ म्हणजे काही हुकूम नव्हे!”

मिस्त्री पहिल्यांदाच हसला, थोडंसं. “ताई, घराची मालकीण ‘बरं’ म्हणाली की आमच्यात तो हुकूमच. ‘नको’ म्हणाली तर एकदा विचारतो. ‘बरं’ म्हणाली तर विचारत नाही.”

आणि तो जिना उतरून गेला.

जावकबाई खुर्चीत बसली. तिच्या कचेरीत ‘केल्यास बरे’ हे शब्द ज्या कागदावर येत, तो कागद तीन महिने कुणी हलवत नसे. त्याचा अर्थ ‘करू नका, पण मी सुचवलं होतं याची नोंद असू द्या’ असा होता. इकडे त्याच शब्दावर एका माणसाने पाइप वाढवला होता आणि आता त्याची रोजी गेली होती. आणि ती गेली होती जावकबाईच्या पत्राने. ‘माझ्या परवानगीशिवाय.’ तिच्या हातून खोटं वाक्य बाहेर गेलं होतं, त्यावर पोच घेतली होती, तारीख होती. तिला इतकी लाज वाटली की घरात कुणी नसतानाही तिने चष्मा काढून तोंडावरून हात फिरवला.

आता करायचं काय? गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. कंत्राटदार सगळं फुकटात दुरुस्त करून देणार होता, नवरा पंधरा दिवसांत घरी येणार होता. बोललं तर कंत्राटदाराच्या हाती कोलीत मिळणार. ‘जाळी तुम्हीच हलवलीत, मग उतारही तुमचाच’ म्हणून तो हात झटकेल, काम अडेल, आणि नवरा राहील जावयाच्या पाठीकडे बघत आंघोळ करत.

तिने लेकीला फोन करून सांगितलं. लेक किंचाळलीच. “आई, हात दाखवून अवलक्षण! तो सगळं तुझ्याच डोक्यावर ढकलेल. बाबांचा तरी विचार कर!”

“बाबांना दे फोन.”

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “चुकीचं पत्र तू दुसऱ्या कुणाचं जाऊ दिलं असतंस का?”

“नाही.”

“मग मला काय विचारतेस? मी आणखी चार दिवस थांबेन.” आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात, “चारच हं.”

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण तिने ते तिथेच रोखून ठेवलं, तूर्त. आणि कागद ओढला.

वर लिहिलं: ‘शुद्धिपत्र.’ एकतीस वर्षांत तिने दुसऱ्यांच्या चुकांची शेकडो शुद्धिपत्रं पाठवली होती. स्वतःच्या नावाने हे पहिलंच. ‘माझ्या पत्रातील मुद्दा क्रमांक एक रद्द समजावा. जाळी माझ्या तोंडी सांगण्यावरून हलवली गेली. नकाशाबाहेरचा बदल मी लेखी द्यायला हवा होता, तो दिला नाही, ही चूक माझी. जाळी हलवण्याचा व वाढीव पाइपचा खर्च मी वेगळा देईन. मात्र जाळी जिथे असेल तिथे पाणी पोहोचवणारा उतार देणे हा कामाचा भाग आहे, म्हणून मुद्दे दोन, तीन व चार कायम. तिसरा हप्ता त्याच अटीवर तूर्त रोखलेला राहील. मिस्त्रीने परवानगीशिवाय काहीही केलेले नाही.’ शेवटच्या वाक्याखाली तिने रेघ ओढली. कुठल्याही साहेबाच्या पत्रात ही रेघ तिने चालवून घेतली नसती.

पुन्हा तोच गाळा, तोच पंखा. कंत्राटदाराने वाचलं आणि त्याचे डोळे चमकले. अनुभवी माणूस, त्याला फट लगेच दिसली. “म्हणजे पहिला मुद्दा गेला. चूक तुमची. मग सोडा हप्ता.”

“पहिला मुद्दा गेला. पाणी गेलेलं नाही.”

“जाळी तुमच्या सांगण्यावरून हलली, म्हणून पाणी साचतंय!”

“जाळी हलली तेव्हा तुमच्या माणसाला उताराचा थर उकरायचा होता. का नाही उकरला? मालक दोन दिवसांसाठी ओरडतील म्हणून. मालक कोण?”

कंत्राटदाराने टेबलावरचा बिलांचा ढीग उगाच सरळ केला.

“आणि अकरा फरश्या काय माझ्या ‘बरं’नं पोकळ झाल्या? चाचणी काय मी लपवली? हे बघा, माझं जे होतं ते मी लिहून दिलं. तुमचं तेवढं तुम्ही करा. रक्कम घरी तयार आहे, एक पै कमी होणार नाही. पण मिस्त्री तोच पाहिजे.”

“पोकळ फरश्या लावणारा?”

“कबूल करणारा. नवा माणूस आला तर तो आधीच्याच्या नावाने खडे फोडत बसेल. हा आपलं काम आपण उकरेल.”

कंत्राटदाराने शुद्धिपत्र पालथं घातलं, परत सुलटं केलं. मग ते पहिल्या पत्राला टाचणी लावून जोडलं. “लोक पत्रं लिहितात, मॅडम. माझ्याविरुद्ध ढिगाने लिहितात.” त्याने डोकं खाजवलं. “स्वतःविरुद्ध लिहून पोच मागणारी बाई मी पहिल्यांदा बघतोय. तुमच्याशी भांडायचं तरी कसं?”

“भांडू नका. सही करा.”

त्याने सही केली आणि लगेच मिस्त्रीला फोन लावला.

दुसऱ्या सकाळी मिस्त्री छिन्नी घेऊन हजर. त्याने सगळी जमीन उकरली, आपल्याच फरश्या आपण फोडताना त्याच्या तोंडावर दुःख दिसत होतं. नवा उताराचा थर पडला, कोपऱ्याकडे झुकणारा. तो वाळल्यावर पाणीरोधकाचे दोन हात झाले. मग जाळीला बूच मारून खोलीत घोट्याखाली येईल इतकं पाणी भरलं. जावकबाईने पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीने खूण केली, शेजारी तारीख आणि वेळ लिहिली. अठ्ठेचाळीस तास ती दर दोन तासांनी जाऊन खूण बघून येत होती. पाणी काही हललं नाही. खालच्या मजल्यावर जाऊन तिने तिथल्या बाईंचं छतही बघितलं. कोरडं.

फरशी लावताना मात्र एक अडचण आली. दाराजवळच्या फरशीचा तुकडा मोठा ठेवायचा की लहान, असं मिस्त्रीने विचारलं आणि ती म्हणाली, “मोठा ठेवलात तर…”

मिस्त्रीने हातातला हातोडा खाली ठेवला. “ताई, चिठ्ठी द्या.”

तिने मुकाट्याने चिठ्ठी लिहून दिली, सहीसकट. त्याने ती घडी करून खिशात टाकली आणि मगच मोठा तुकडा लावला.

तेराव्या दिवशी तिने पुन्हा बादली उपडी केली. पाणी धावलं, वळलं आणि कोपऱ्यातल्या जाळीत गडप झालं. नाण्याने एकूणएक फरशी टणटणली. कंत्राटदार दारात उभा राहून श्वास रोखून बघत होता. तीन दिवसांची मुदत होती, पण जावकबाईने त्याच तासाला रक्कम मोजून दिली, जाळीचा वेगळा खर्च वेगळ्या पाकिटात दिला आणि दोन वेगळ्या पावत्या घेतल्या. मिस्त्री गेला तेव्हा गुडघ्यांच्या टोप्या काढून, ताठ उभा राहून गेला.

नवरा रविवारी सकाळी आला. जावई वॉकर धरून, लेक पिशव्या धरून. दोघं सवयीने न्हाणीघराकडे निघाले. नवरा म्हणाला, “तुम्ही बसा रे.” वॉकर टेकत टेकत तो आत गेला. दांड्याला धरून वळला, बायकोकडे बघितलं आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

जावकबाई बाहेर खुर्ची टाकून बसली, हाक आली तर उठता यावं म्हणून. लेकीने काहीतरी विचारलं, तिने हातानेच गप्प बसवलं. आत नळ सुरू झाला. स्टूल थोडं सरकलं. पहिला तांब्या अंगावर पडला आणि मग एकामागून एक, घाई नसलेल्या माणसाचे. हाक आली नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तरी आली नाही. जावयाने घड्याळ बघितलं, “बाबा ठीक आहेत ना?” असं तो विचारणार तेवढ्यात आतून गुणगुणणं ऐकू आलं, बेसूर, अर्ध्याच ओळीचं. चार महिन्यांनी पहिल्यांदा.

जावकबाई पदराने डोळे पुसत होती आणि पुसूनही ते कोरडे होत नव्हते. ती नुसती बंद दाराकडे बघत बसून राहिली.